बाळाला रॅपमध्ये बांधताना: हनुवटी वर, गुडघे वर

लोकलमध्ये आवाज ऐकू येत नाही, लिहून टाका, असं खूप जणांनी सांगितलं, म्हणून हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं', 'म्हणजे' आणि मुलीच्या रडण्याचे दोन ब्रेक काढलेत.

मागच्या भागात मी सहज म्हणून गेलो, की सकाळचा स्टँडअप कॉल मी मुलीला छातीशी बांधून उभ्यानेच घेतो. त्यावर सगळ्यात जास्त मेसेज आले ते 'कुठला घेतला, लिंक पाठव' असे. लिंक मी देणार नाही. कारण कापड कुठलंही असो, आत बाळ कसं बसलंय यावर सगळं आहे, आणि ते लिंकमध्ये दिसत नाही. मी बॅकएंडवाला माणूस, डॉक्टर नाही. पण मुलगी झाल्यापासून, म्हणजे गेले अकरा आठवडे, या विषयावर डॉक्टरांना आणि नर्सना इतके प्रश्न विचारलेत, की आता ते मला बघून हसतात. आज दोनच गोष्टी बोलायच्यात: बाळाचा श्वास आणि बाळाचा खुबा.

आधी श्वास, कारण तिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं बघा. एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग. त्यातही मागची बाजू फुगीर. मानेच्या स्नायूंत ते डोकं पेलायची ताकद नाही. आता अशा बाळाला मऊ, खोलगट कापडात अर्धवट झोपवलं तर काय होईल? पाठ वाकते, मागचा फुगीर भाग डोक्याला पुढे ढकलतो आणि हनुवटी छातीला टेकते. आपणही मान खाली घालून हनुवटी छातीला दाबून श्वास घेऊन बघू शकतो. जमतो, पण जड जातो. आपली श्वासनलिका जाड आणि कडक आहे. बाळाची साधारण ४-५ मिलिमीटर रुंद, आणि मऊ. वाकवलेल्या स्ट्रॉसारखी ती चेपते.

इथे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट उपयोगी पडली. नळीतून काही वाहत असेल तर अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. नळी निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. मोठ्या माणसाच्या नळीत एक मिलिमीटर कमी झालं तर फारसं कळणार नाही. बाळाच्या नळीत तेवढ्यानेच सगळं गणित बदलतं. वर पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक कापडात किंवा आपल्या छातीत रुतलं, तर तोंड उघडून भागवायचं त्यांना सहज जमत नाही.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे यात आवाज होत नाही. आपल्याला वाटतं, त्रास झाला तर बाळ रडेल. पण रडायलाच हवा लागते. बाहेरून बघणाऱ्याला बाळ गाढ झोपलेलं दिसतं.

ही भीती घालायची म्हणून सांगत नाहीये, घडलेलं आहे. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये जाहीर इशारा दिला होता: आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांचे मृत्यू त्यांच्या नोंदीत होते, आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांपेक्षा लहान होती. नाकातोंडावर कापड दाबलं गेलं तर एक-दोन मिनिटंही पुरतात, असं त्यांनी लिहिलं होतं. वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची आणि सर्दी झालेली बाळं जास्त धोक्यात. त्या वेळी ज्या प्रकारावर बोट ठेवलं गेलं तो म्हणजे पिशवीसारखा स्लिंग: खोल, तळाला गोल, कडेला इलॅस्टिक, बाळ आत आडवं, कमरेच्या उंचीवर लटकलेलं.

हे वाचून मला वाटलं होतं, २०१० ची गोष्ट, आता कोण विकतंय? आमच्याच इमारतीत, इंद्रलोकमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे अगदी तसाच निघाला. ऑनलाइन आलेला, कुणीतरी बारशाला दिलेला. बाळ सहा आठवड्यांचं. त्यांनी विचारलं, "तुम्ही वापरता ना, बघा हो हे बरोबर आहे का?" आम्ही आधी बाळ न घालता बघितलं. बाळाच्या जागी साधारण तेवढ्याच वजनाची, चार किलो तांदळाची पिशवी ठेवली. पिशवीचं तोंड लगेच स्लिंगच्या तळाला घसरलं आणि इलॅस्टिकची कड वरून मिटली. आत काय चाललंय ते वहिनींना मान वाकवूनही दिसेना. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "हे काही खरं नाही." आता त्यात कांदे-बटाटे ठेवतात.

मग बरोबर स्थिती कुठली? ती शोधायला परदेशी ब्लॉग वाचायची गरज नाही, आपल्या सरकारी दवाखान्यात ती रोज वापरली जाते. कांगारू मदर केअर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर आहे. परळच्या केईएममध्ये कित्येक वर्षांपासून शिकवली जाते, आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळ दीड-दोन किलोचं, फुप्फुसं कच्ची, म्हणजे चुकीला जागाच नाही. त्यामुळे बाळ कसं ठेवायचं हे तिथे अगदी नेमकं ठरवलेलं आहे.

बाळ उभं, आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये. डोकं एका बाजूला वळवलेलं आणि किंचित, अगदी किंचित, मागे. हनुवटी छातीवर पडलेली नाही, आणि मान मागे टाकलेलीही नाही. दोन्हींमुळे नळी चेपते. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली. कापडाचा घट्ट भाग बाळाच्या छातीवर, पोट मोकळं, कारण एवढी लहान बाळं पोटाने श्वास घेतात. आणि पाय? बेडकासारखे: दुमडलेले आणि फाकलेले. बेडकाकडे नंतर येतो.

पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला घरच्या रॅपमध्ये बांधताना हेच सगळं लागू पडतं. फक्त एक सांगतो: वेळेआधी झालेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर आपल्या बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरचा रॅप नको. दवाखान्यात नर्स शेजारी असते. घरी आपण आणि आपला फोन.

आता बेडूक.

खुब्याला मराठीत उखळीचा सांधा म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण सांधा तसाच आहे: मांडीच्या हाडाचा गोल गोळा आणि कमरेच्या हाडातली उखळ. मोठ्यांत ही उखळ हाडाची, खोल आणि पक्की. नवजात बाळात ती बरीचशी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारखी लवचिक, आणि उथळ. गोळा नीट आत बसलेला असेल तर उखळ त्याच्याभोवती हळूहळू खोल होत जाते. गोळा कडेला सरकलेला राहिला, तर उखळ उथळच राहते, आणि पुढे सांधा निसटू शकतो किंवा तरुणपणीच झिजायला लागतो. पहिले सहा महिने यासाठी सगळ्यात नाजूक.

पाय दुमडून फाकवलेले असले की गोळा उखळीच्या मधोमध टेकतो. पाय सरळ करून एकमेकांना चिकटवले, की स्नायू ताणले जातात आणि गोळ्याला बाहेरच्या कडेकडे ओढतात. म्हणून दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं हा मुद्दा आहे. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "पाय बांधा नाहीतर वाकडे होतील." आईही त्यांच्या बाजूने. मी आईला जपानची गोष्ट सांगितली. तिथे १९७५ च्या सुमारास डॉक्टरांनी देशभर मोहीम काढली, की तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून बांधू नका. आधी शेकडा एक ते तीन बाळांत सांधा निसटलेला सापडायचा. मोहिमेनंतर प्रमाण शेकडा ०.२ च्या आसपास आलं. आई म्हणाली, "जपानचं मला सांगू नकोस." मग मी तिला विचारलं, "तू मला कसं घ्यायचीस?" ती म्हणाली, "कडेवर."

कडेवर! तिथेच सगळं उत्तर आहे. कडेवरचं मूल आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसतं. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या, खाली हाताचा आधार. समोरून बघितलं तर गुडघे-ढुंगण-गुडघे असा इंग्रजी एम दिसतो. खुब्याचे डॉक्टर बाळाला उचलण्यासाठी हाच आकार सुचवतात. आणि गंमत म्हणजे, ज्या बाळाचा खुबा खरंच निसटतो, त्याला पहिल्या काही महिन्यांत जो पट्ट्यांचा पाव्हलिक हार्नेस लावतात, तोही पाय याच स्थितीत धरतो. म्हणजे उपचाराची स्थिती आणि कडेची स्थिती जवळजवळ एकच. आईने त्या दिवसानंतर पाय बांधायला लावलं नाही. मावशी अजून नाराज आहेत.

रॅप असो की तयार कॅरियर, बघायचं एवढंच: बाळाच्या एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत खालून कापडाचा आधार आहे का? अरुंद पट्टीवर बसवून पाय सरळ खाली लोंबकळणारे कॅरियर बाजारात खूप आहेत. त्यात अर्धा तास फिरवलं म्हणून खुबा निसटत नाही, उगाच घाबरू नका. प्रश्न रोज तासन्‌तास, आणि पहिल्या सहा महिन्यांत, याचा आहे. उलटं टोकही नको: तान्ह्या बाळाचे पाय ओढून आपल्या कमरेभोवती ताणायचे नाहीत. नवजात बाळ पाय पोटाशी घेतं, ते तेवढंच फाकतं. कापड गुडघ्यापर्यंत आणा, पाय कापडापर्यंत नाही. तोंड बाहेर करून फिरवायची हौस पहिले सहा महिने तरी बाजूला ठेवा. मान धरता येत नाही तोवर तर अजिबात नको.

आता प्रत्यक्ष बांधणं. माझ्याकडे विणलेल्या सुती कापडाचा सुमारे साडेचार मीटरचा रॅप आहे. बायको माझ्यापेक्षा बारीक, तिला तो जरा लांब पडतो, पण चालतं. 'जुनी साडी चालेल का?' असं बऱ्याच जणांनी विचारलंय. सिंथेटिक आणि रेशमी नको, गाठ सरकते. विरलेली सुतीही नको; उजेडासमोर धरा, कुठे विरळ दिसली तर ती पायपुसण्याला गेली. धड सुती साडी चालू शकते, पण पन्हा जास्त असल्याने आतल्या घड्या बाळाच्या तोंडाजवळ जमतात. शिकताना तरी रॅपच बरा.

कापडाचा मध्य शोधा आणि तो छातीवर ठेवा. दोन्ही टोकं काखेखालून पाठीमागे न्या, पाठीवर एकमेकांवरून फुली करा आणि विरुद्ध खांद्यांवरून पुढे आणा. छातीवर आता एक आडवा खिसा तयार झाला. बाळाला खांद्यावर घेऊन वरून त्या खिशात सरकवा, पाय आपल्या पोटाच्या दोन बाजूंना. कापडाची खालची कड बाळाच्या ढुंगणाखालून घेऊन आपल्या आणि बाळाच्या मध्ये खोचा आणि दोन्ही गुडघ्यांच्या खोबणीपर्यंत पसरा. मग दोन्ही हातांनी मांड्यांखाली धरून ढुंगण जरा खाली आणि गुडघे वर असं बसवा. झालं एम.

यानंतरची पायरी लोक घाईत उरकतात आणि तिथेच बिघडतं: ढील काढणं. नुसतं टोक ओढलं की फक्त एक कड घट्ट होते, मधला भाग सैलच राहतो. कापडाच्या रुंदीचे बोटभर पट्टे कल्पा आणि एकेक पट्टा पाठीमागून खांद्याकडे ओढत आणा: आधी मानेकडचा, मग मधला, मग खालचा. हे करताना एक हात कायम बाळाच्या पाठीवर. मग टोकं बाळाच्या ढुंगणाखाली फुली करून, पायांच्या खालून मागे न्या आणि कमरेवर दुहेरी गाठ मारा. पहिले चार-पाच वेळा पलंगाच्या कडेला बसून किंवा बाहुलीवर करा. आम्ही मुलीच्या आधी एका टेडीवर केलं. तो तक्रार करत नाही हाच त्याचा दोष.

गाठ मारल्यावर मी काय तपासतो, ते काल सकाळचंच सांगतो. मुलगी आता पाच किलो दोनशे ग्रॅमची. बांधून झाल्यावर आधी मान खाली वाकवून तिच्या डोक्याचा मुका घेतला. सहज पोचलो, म्हणजे उंची बरोबर; पोचलो नसतो तर ती फार खाली होती. मग तिच्या हनुवटीखाली एक बोट आडवं घातलं. बोट बसलं, म्हणजे नळी वाकलेली नाही. मग तळवा तिच्या पाठीवर ठेवून हलकेच आत दाबलं. ती जागेवरच राहिली पाहिजे. पण ती अर्धा इंच माझ्याकडे सरकली आणि पाठ सरळ झाली. म्हणजे मधला पट्टा सैल. सैल असेल तर आत्ता हनुवटी वर असली तरी वीस मिनिटांनी, ती झोपून अंग ढिलं टाकेल तेव्हा, ती खाली घसरणार आणि हनुवटी छातीवर येणार. गाठ सोडली, मधला पट्टा ओढला, परत बांधली. दुसऱ्यांदा दाबल्यावर हलली नाही. शेवटी सेल्फी कॅमेरा लावून खालून आणि बाजूने बघितलं, कारण वरून गुडघे दिसत नाहीत. चेहरा मात्र आपल्या डोळ्यांना थेट दिसायलाच हवा, कॅमेऱ्याने नाही. चेहऱ्यावर ओढणी नाही, टोपीची कड नाही, डास म्हणून जाळी नाही.

आणि बांधलं की विसरायचं नाही. मी कॉलवर असलो तरी दर काही मिनिटांनी खाली बघतो. घुरघुर, कण्हल्यासारखा आवाज, श्वासाला शिटी, नाकपुड्या फुगणं, ओठांभोवती निळसर किंवा राखाडी छटा, किंवा अंग अचानक ढिलं पडणं, यातलं काहीही दिसलं तर 'बघू या जरा' नाही. लगेच बाहेर काढा, सपाट जागी पाठीवर ठेवा, मान सरळ करा. लगेच सावरलं नाही तर १०८. रॅपमध्ये दूध पाजायचं असेल तर बाळ जरा खाली घ्यावं लागतं. पिऊन झालं की परत वर, उभं, तोंड मोकळं. पाजता पाजता दोघंही झोपली, असं होऊ द्यायचं नाही. आपल्याला झोप येतेय असं वाटलं तर बाळ रॅपमधून बाहेर.

एका श्रोत्याने विचारलंय: मग खुबा बरोबर आहे हे घरच्या घरी कसं कळणार? पूर्ण कळत नाही, आणि चांगला रॅप म्हणजे तपासणी नव्हे. जन्मानंतर बाळाचे डॉक्टर पाय दुमडून फाकवून बघतात, लसीकरणाच्या भेटींतही बघायला सांगा. मुलगी असेल, पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. पायाळू बाळांची सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करतात. पहिल्या काही महिन्यांत एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी. घरी लंगोट बदलताना एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी फाकत असेल, एक गुडघा खाली दिसत असेल, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. नुसता 'कट' असा आवाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, पण ते डॉक्टरांनी सांगावं, सासूबाईंनी नाही.

आता आपल्या भाईंदरचं. मे महिन्यात घामाने माझीच पाठ भिजते, तर दोन अंगांच्या मध्ये अडकलेल्या बाळाचं काय? मी रॅपलाच कपड्याचा एक थर समजतो: आत फक्त झबलं, टोपी नाही, आणि मानेमागे हात लावून बघायचं. गरम आणि ओलं लागलं तर बाहेर. दुपारी बारा ते चार आम्ही बांधून बाहेर पडतच नाही. गॅससमोर रॅप कधीच नाही, अगदी चहा गाळायलाही नाही. खाली वाकताना कमरेतून नाही, गुडघ्यातून, एक हात बाळाच्या पाठीवर. आणि स्टेशन ते इंद्रलोक शेअर रिक्षात रॅपमध्ये बाळ असलं म्हणजे ते सुरक्षित बांधलेलं आहे, असं समजू नका. धक्का बसला तर आपलंच वजन बाळावर येतं. मोटारीत त्याची जागा कार सीटमध्ये. स्कूटरवर तर नाहीच.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आता माझा जुना, छोट्या मापाचा रॅप वापरतात. परवा जिन्यात भेटल्या, बाळ झोपलेलं. मी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच हनुवटीखाली बोट घालून दाखवलं.